मागची ओळ कुणाची?

प्रिय पालकहो,

“आमची मुलगी मागे का?” असं काहींनी विचारलं, म्हणून हे पत्र. स्नेहसंमेलनातल्या समूहगानात 36 मुलं तीन ओळींत उभी राहतील. उंची मी पाहिलीच, पण त्याआधी कान पाहिला. ज्यांचा सूर पक्का, ती मुलं मागे आहेत. गाताना आवाज पुढे जातो, त्यामुळे मागच्याचा सूर पुढच्याच्या कानावर पडतो आणि डळमळणारं मूल त्याला धरून गातं.

तिसरीतला एक मुलगा अंतऱ्यात वर चढताना दर वेळी उतरायचा. तो पहिल्या ओळीच्या टोकाला होता, पेटीपासून सर्वांत लांब. त्याला मध्ये घेतलं, मागे दोन पक्क्या मुली उभ्या केल्या. पुढच्याच तालमीत तो वरच्या षड्जावर टिकला. मला फार आनंद झाला!

मात्र मागच्यांनी जोर लावला, तर पुढची मुलं नुसते ओठ हलवतात. म्हणून तालमीत मी पहिल्या ओळीसमोरून कान देत फिरते. एखाद्याचा आवाज येईनासा झाला, की मागच्यांना हळू गायला सांगते.

मागची ओळ बाकांवर, दोन डोक्यांमधल्या फटीत उभी राहील. चेहरा प्रत्येकाचा दिसेल.

तुमच्या मुलांची गाण्याची बाई