रंगावर रंग बसवणारं नेटवर्क

वेफर्सच्या एखाद्या पाकिटावरचं चित्र जवळून पाहा. कधीकधी अक्षरांच्या कडेला लाल किंवा पिवळ्या रंगाची बारीक रेघ बाहेर डोकावताना दिसते. एक रंग दुसऱ्यावर नेमका बसला नाही की असं होतं. छपाईत याला रजिस्टर आउट होणं म्हणतात.

पूर्वी छपाईयंत्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लांब शाफ्ट असे आणि गिअरमधून तो सगळे सिलिंडर एकत्र फिरवी. आताच्या बऱ्याच यंत्रांत प्रत्येक रंगाच्या सिलिंडरला स्वतःची सर्व्हो मोटर असते आणि शाफ्टचं काम करते ती नेटवर्कची केबल. दिसायला ती ऑफिसातल्या संगणकाच्या केबलसारखीच. तिच्यातून धावणारं तंत्रही मुळात तेच, इथरनेट. मग ऑफिसचंच नेटवर्क इथे का चालत नाही?

समजा फिल्म मिनिटाला ३०० मीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने पळते आहे. छपाईतली चूक ०.१ मिलिमीटरच्या आत ठेवायची आहे. तेवढं अंतर फिल्म एका सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात, म्हणजे २० मायक्रोसेकंदांत कापते. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये स्विचपाशी डेटाची रांग लागते. कोणी मोठी फाइल पाठवत असेल, तर तिचा सुमारे १,५०० बाइटचा एक तुकडा १०० मेगाबिटच्या केबलवरून जायला साधारण १२० मायक्रोसेकंद घेतो. मोटरच्या निरोपाला अग्रक्रम दिला, तरी बाहेर पडायला लागलेला तुकडा साधा स्विच मध्येच थांबवत नाही. निरोप तेवढा वेळ खोळंबतो.

या वेळात फिल्म ०.६ मिलिमीटर पुढे गेलेली असते. कंट्रोलरला मात्र उशिरा आलेली जुनी जागा दिसते. सिलिंडर मागे पडला असं समजून तो मोटरला जोर लावायला सांगतो, म्हणजे नसलेली चूक दुरुस्त करायला जातो आणि खरी चूक घडवतो. उशीर दर वेळी तेवढाच असता, तर तो हिशेबातून वजा करता आला असता. कधी ५, कधी १२५ मायक्रोसेकंद असा लहरी उशीर वजा करता येत नाही. म्हणून केबल दहापट वेगवान केली, तरी खोळंबा लहान होतो, पण तो किती असेल याची हमी मिळत नाही.

हरवलेला डेटा पुन्हा पाठवण्याची ऑफिसातली सोय तर इथे निरुपयोगीच. लिनक्सवर टीसीपी त्यासाठी सहसा किमान २०० मिलिसेकंद वाट पाहतं. तोवर एक मीटर फिल्म छापून झालेली असते.

जर्मनीच्या बेकहॉफ कंपनीने २००३ मध्ये आणलेल्या इथरकॅटने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. कंट्रोलर प्रत्येक मोटरला वेगळा निरोप पाठवतच नाही. ठरलेल्या अंतराने, समजा दर मिलिसेकंदाला, एकच फ्रेम निघते आणि सगळ्या ड्राइव्हमधून फिरून परत येते. फ्रेम आतून जात असतानाच प्रत्येक ड्राइव्ह आपला भाग वाचतो आणि आपली जागा तिच्यात लिहितो. फ्रेम पूर्ण येईपर्यंत तो थांबत नाही. रांग लावायला मध्ये दुसरं कोणी नसतंच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक ड्राइव्हमधलं घड्याळ. केबलमध्ये लागणारा वेळ मोजून ही घड्याळं एका मायक्रोसेकंदाच्याही आत जुळवलेली असतात. आज्ञा थोडी आधी पोहोचली तरी बिघडत नाही, कारण सगळे ड्राइव्ह ती घड्याळाच्या एकाच ठोक्याला अमलात आणतात. ठोक्याच्या आत पोहोचली, की झालं.

फ्रेममध्ये एक मोजणीचा आकडाही असतो, वर्किंग काउंटर. आपलं काम केलेला प्रत्येक ड्राइव्ह तो वाढवतो. परत आलेला आकडा कमी भरला, की कोणीतरी सुटलं हे कंट्रोलरला त्याच फेरीत कळतं. कोणत्या पोर्टवर खराब फ्रेम मोजल्या गेल्या हे पाहून, सैल कनेक्टर नेमका कुठे आहे तेही शोधता येतं.

सुरक्षेचा हिशेब वेगळा आहे. यंत्रापुढच्या प्रकाशपडद्यात हात गेला, की यंत्र थांबलं पाहिजे. तो निरोप याच केबलने जातो, पण सुरक्षायंत्रणा केबलवर विश्वास ठेवत नाही. निरोप ठरलेल्या वेळेत आला नाही, तर ती यंत्र थांबवते. म्हणजे लहरी नेटवर्कवर माणूस सुरक्षित राहतो, पण यंत्र विनाकारण बंद पडत राहतं. मग वैतागून कोणीतरी मुदतच वाढवायचं सुचवतं.

ती वाढवली तर काय होतं? आयएसओ १३८५५ या मानकात जवळून आत येणाऱ्या हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. हात दिसण्यापासून यंत्र थांबेपर्यंत जास्तीत जास्त १०० मिलिसेकंद लागत असतील, तर पडदा धोक्यापासून किमान २०० मिलिमीटर दूर हवा, शिवाय पडद्याच्या प्रकारानुसार काही जादा अंतर. सरासरी वेळ इथे चालत नाही. मुदतीत ५० मिलिसेकंदांची भर घातली, तर पडदा आणखी १०० मिलिमीटर मागे न्यावा लागतो. त्यासाठी चौकट उखडून नव्याने बसवावी लागते. त्यापेक्षा आधी सैल कनेक्टर शोधलेला बरा.