सेकंद काटा उड्या मारू लागला की

आईच्या मनगटावरचं घड्याळ गेल्या पावसाळ्यात एकाएकी वेगळं चालू लागलं. सेकंद काटा बारावर थांबे, मग एकदम चार खुणा पुढे जाई, पुन्हा थांबे, पुन्हा चार खुणा पुढे. आईला वाटलं, घड्याळात पाणी गेलं. बाजारातल्या एका दुकानात नेलं, तर तिथल्या माणसाने झाकणही न उघडता सांगितलं, ‘मशीन गेलंय, नवीन बसवावं लागेल.’ आई हिरमुसून घरी आली. ते घड्याळ तिला निवृत्तीच्या दिवशी शाळेतल्या सहकाऱ्यांनी दिलेलं.

मी ते मोबाइलच्या घड्याळाशी लावून पाहिलं. मिनिटाला काट्याच्या मोजून पंधरा उड्या झाल्या, म्हणजे पंधरा चोक साठ, हिशेब बरोबर. रात्री वेळ जुळवून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी रात्री पाहिली, तर एका सेकंदाचाही फरक नव्हता. मशीन बिघडलेलं घड्याळ असं चालत नाही. घड्याळ अगदी नीट होतं आणि सेल संपत आल्याचं सांगत होतं.

हे ते कसं सांगतं, हे कळायला क्वार्ट्झ घड्याळाच्या आत डोकावावं लागेल. आत गारगोटीच्याच जातीच्या क्वार्ट्झचा, चिमट्याच्या आकाराचा एक चिमुकला स्फटिक असतो. वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याला दोनाने भागत गेलं की बरोबर पंधराव्या वेळी एक उरतो. शेजारची चिप हा भागाकार करते आणि दर सेकंदाला तारेच्या एका बारीक वेटोळ्यात विजेचा क्षणभराचा ठोका सोडते. त्या ठोक्याने वेटोळं चुंबक बनतं आणि जवळचं तांदळाच्या दाण्याहून लहान चुंबकी चाक अर्धा फेरा फिरतं. मधल्या दातेरी चाकांमधून तो अर्धा फेरा काट्यापर्यंत पोचतो, तेव्हा काटा एक खूण पुढे सरकलेला असतो. मिनिट काटा आणि तास काटा याच चाकांना जोडलेले असतात.

चिपला आणखी एक काम दिलेलं असतं. अधूनमधून ती सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, तपासते. तो ठरलेल्या पातळीखाली गेला की ती ठोके देण्याची पद्धत बदलते. चार सेकंद गप्प राहते आणि मग चार ठोके एकापाठोपाठ एक इतक्या झटपट सोडते, की आपल्याला एकच उडी दिसते. ठोक्यांची संख्या तेवढीच राहते, म्हणून वेळ चुकत नाही. काही जणांना वाटतं, उरलेली वीज वाचवण्यासाठी घड्याळ असं करतं. तसं नाही. साठ सेकंदांना साठ ठोके दोन्हीकडे सारखेच लागतात. बचत काही होत नाही, ही निव्वळ सूचना आहे. ज्या घड्याळात दिवा नाही, आवाज नाही, त्यात मालकाचं लक्ष वेधून घ्यायला सेकंद काट्याशिवाय दुसरं साधन तरी कोणतं?

उडी किती खुणांची, हे मशीन बनवणाऱ्यावर असतं. स्वित्झर्लंडच्या ईटीए कंपनीच्या बऱ्याच मशीनांत ती चार सेकंदांची असते, जपानच्या सेइकोच्या घड्याळांत दोनची. सिटिझनच्या उजेडावर चालणाऱ्या इको-ड्राइव्ह घड्याळांत दोन सेकंदांची उडी दिसली, तर त्याचा अर्थ सेल बदला असा नसून घड्याळाला उजेड द्या असा असतो. ते खिडकीत ठेवून पुरेसं चार्ज झालं की काटा पुन्हा सेकंदा-सेकंदाने चालतो. पण प्रत्येक घड्याळात ही सोय नसते. स्वस्त मशीनांत बहुधा नसते, आणि सेकंद काटाच नसलेलं घड्याळ तर गुपचूप थांबतं.

हा इशारा शेवटच्या टप्प्यातच का येतो, याचं उत्तर सेलमध्ये आहे. मनगटी घड्याळात बहुतेक वेळा सिल्व्हर ऑक्साइडचा गोळीएवढा सेल असतो. नवा असताना तो साधारण १.५५ व्होल्ट देतो आणि गंमत म्हणजे जवळजवळ संपेपर्यंत तेवढेच देत राहतो. मग आतलं रसायन सरत आलं की दाब झपाट्याने उतरतो. आईच्या घड्याळातल्या मापाचा सेल साधारण २६ मिलिअँपिअर-तास वीज साठवतो. घड्याळ सरासरी एक मायक्रोअँपिअर खात असेल, तर भागाकार करून २६,००० तास येतात, म्हणजे तीन वर्षांच्या आसपास. त्यातले अखेरचे काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे, काटा उड्या मारतो. तेवढीच सवड आपल्याला मिळते. पुढे ठोका इतका अशक्त होतो की चुंबकी चाक फिरतच नाही. काटा जागच्या जागी थरथरतो आणि घड्याळ मागे पडू लागतं. उडी आणि थरथर यांतला हा फरक ओळखता यायला हवा. उडी मारणारं घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, थरथरणारं दाखवत नाही.

ओळखीच्या घड्याळवाल्या काकांकडे मी आईला घेऊन गेलो. त्यांनी काट्याकडे एकदा पाहिलं, म्हणाले, ‘ताई, मशीन ठणठणीत आहे, सेल संपलाय.’ डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचं झाकण उघडलं, प्लॅस्टिकच्या चिमट्याने सेल काढला आणि मीटरवर धरला. १.३९ व्होल्ट. नवा सेल धरला, १.५६. मग त्यांनी दोन्ही सेलांवरची अक्षरं मला भिंगातून दाखवली: एसआर ६२६ एसडब्ल्यू. ‘पहिलं अक्षर एस आहे ना, ते बघून घ्यायचं,’ ते म्हणाले. याच मापाचा, पण एल अक्षराने सुरू होणारा अल्कलाइन सेल पाच-दहा रुपयांत मिळतो आणि चपखल बसतोही. त्याचा दाब मात्र पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो. त्यामुळे सेलमध्ये वीज शिल्लक असतानाच काटा उड्या मारू लागतो आणि सेल नुकताच बदललाय म्हटल्यावर दोष मशीनवर जातो. कडाक्याच्या थंडीतही सेलचा दाब तात्पुरता उतरतो. गार खोलीत रात्रभर राहिलेलं घड्याळ सकाळी उड्या मारत असेल, तर आधी मनगटावर ऊब मिळू द्यावी आणि मग ठरवावं.

उड्या दिसूनही सेल तसाच राहू दिला, घड्याळ बंद पडून कपाटात गेलं, तर खरं नुकसान तिथे होतं. संपलेल्या सेलमधला क्षार पाझरतो, पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरतो आणि केसाहून बारीक तारेचं ते वेटोळं खाऊन टाकतो. मग मात्र मशीन बदलावंच लागतं. लगेच दुकानात जाणं जमत नसेल, तर चावी बाहेर ओढून ठेवावी. बहुतेक घड्याळांत त्याने काटे थांबतात आणि विजेचा खर्च बराच कमी होतो. पण सेल आत असेपर्यंत पाझरण्याची भीती राहतेच.

काकांनी झाकणाची रबरी रिंग पुसून पुन्हा बसवली. झाकण लावण्याआधी बारीक पेनाने आतल्या बाजूला तारीख लिहिली. तिथे आधीच्या दोन तारखा होत्या, एकमेकींपासून सव्वातीन वर्षांच्या अंतरावर. आईने घड्याळ मनगटावर चढवलं आणि दुकानाच्या पायरीवरच उभी राहून पूर्ण एक मिनिट काट्याकडे पाहत राहिली. एक, दोन, तीन, चार, काटा एकेक खूण घेत चालला होता.