शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी : शाळेला द्यायचे पत्र

पालकांच्या पत्रात ‘शेंगदाणे देऊ नयेत’ एवढेच पुरत नाही, कारण खिचडी, कोशिंबीर, चटणी यांतला कूट नजरेतून सुटतो. म्हणून हे पदार्थ नावानिशी लिहावेत.

अंगावर गांधी उठून श्वासाला घरघर, उलट्या किंवा चक्कर सुरू झाल्यास ती ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’, म्हणजे सर्व शरीरावरची जीवघेणी प्रतिक्रिया, समजून डॉक्टरांनी लिहून दिलेले अ‍ॅड्रेनालिनचे पेन (२० किलोच्या मुलासाठी बहुधा ०.१५ मिलिग्रॅमचे) मांडीच्या बाहेरच्या बाजूस लगेच टोचावे, मुलाला आडवे ठेवावे, श्वास लागत असल्यास बसू द्यावे आणि १०८ ला फोन करावा.

अ‍ॅलर्जीची गोळी खाज शमवते, पण ही प्रतिक्रिया थांबवत नाही. म्हणून ५ मिनिटांत सुधारणा नसल्यास द्यायचे दुसरे पेनही कुलुपाबाहेर, शिक्षकांच्या हाताशी असावे.