विश्लेषण : डाळ-भाकरीतील प्रथिने कागदावर जास्त, अंगी किती?

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या ओळींमध्ये तूर असतेच. त्यामुळे ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण हे इथले नेहमीचे जेवण. आता अनेक जण रोजच्या आहाराची नोंद मोबाइलवरील ॲपमध्ये ठेवतात. मात्र तिथे दिसणारे प्रथिनांचे ग्रॅम आणि शरीराच्या प्रत्यक्ष उपयोगी पडणारे ग्रॅम यांत तफावत असते. ती का, आणि नोंदीत दुरुस्ती करावी का?

हा आकडा येतो कुठून?

प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजली जात नाहीत. धान्यातील नायट्रोजन मोजून त्याला बहुतेक वेळा ६.२५ ने गुणले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर तूरडाळीत सुमारे २१.७ ग्रॅम प्रथिने असतात. त्यातली किती पचतात आणि त्यांचा दर्जा काय, हे या आकड्यातून कळत नाही.

मग कमी काय पडते?

पहिला मुद्दा पचनाचा. ज्वारीतील काफिरिन हे मुख्य प्रथिन शिजवल्यावर आपसांत घट्ट जोडले जाते आणि पाचकरसांना ते फोडणे जड जाते. डाळींबाबत बंगळूरुच्या सेंट जॉन्स संस्थेतील संशोधकांनी भारतीय प्रौढांवर मोजमाप केले. अख्ख्या मुगातील सुमारे ६३ टक्के प्रथिने पचल्याचे आढळले. साल काढल्यावर हे प्रमाण ७१ टक्क्यांच्या आसपास गेले.

दुसरा मुद्दा लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांना दर ग्रॅम प्रथिनामागे ४५ मिलिग्रॅम लायसिन लागते. ज्वारीत ते सुमारे २३ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम निम्मे असते. तुरीत मात्र ते ७० च्या जवळपास असते.

एका ताटाचा हिशेब काय सांगतो?

समजा, ताटात १०० ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी आणि ३० ग्रॅम कच्च्या डाळीचे वरण आहे. तक्त्यानुसार प्रथिने होतात १० अधिक ६.५, म्हणजे १६.५ ग्रॅम. प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र कात्री लावली, तर ज्वारीचे ५ ग्रॅमच धरले जातील आणि एकूण बेरीज ११.५ वर येईल. पण पोटात दोन्ही एकत्र जातात. ज्वारीतून सुमारे २३० आणि डाळीतून सुमारे ४५५ मिलिग्रॅम लायसिन मिळते. हे प्रमाण दर ग्रॅममागे ४१ च्या आसपास, म्हणजे गरजेच्या सुमारे नव्वद टक्के भरते. ज्वारीची उणीव तूर भरून काढते. म्हणूनच लायसिनची दुरुस्ती पदार्थागणिक करणे चुकीचे ठरते. ती अख्ख्या जेवणाची करावी लागते. त्यानंतर पचनाची घट धरली, तर उपयोगी प्रथिने साधारण ११ ते १३ ग्रॅम उरतात.

नोंदीत दुरुस्ती करावी का?

ग्रॅम बदलण्यापेक्षा उद्दिष्ट बदलणे सोपे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत उत्तम दर्जाच्या प्रथिनांसाठी रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण आहे. मुख्यतः धान्यावर आधारित आहारासाठी ते सुमारे १ ग्रॅम धरले आहे. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी ४६ ऐवजी ५५ ग्रॅम. या वाढीव उद्दिष्टात दर्जाची घट आधीच मोजलेली असते. त्यामुळे ५५ चे उद्दिष्ट ठेवून पुन्हा प्रत्येक जेवणातले ग्रॅमही कमी केले, तर एकच वजावट दोनदा होते.

याला मर्यादा आहे. दिवसभर भाकर जास्त आणि वरण नुसते पातळ असेल, तर १ ग्रॅमचे उद्दिष्ट गाठूनही लायसिन कमी पडू शकते. त्यावर उपाय आकड्यांत नाही, ताटात आहे. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हे प्रमाण कच्च्या वजनाने राखावे आणि जोडीला दही, अंडे किंवा सोयाबीन घ्यावे.

सर्वांत मोठी चूक कुठे होते?

ती दर्जाची नव्हे, वजनाची. ३० ग्रॅम डाळीचे पाणी घालून १५० ग्रॅम वरण होते. ॲपमध्ये नुसते ‘तूरडाळ, १५० ग्रॅम’ असे निवडले, तर कच्च्या डाळीचा दर लागून ६.५ ऐवजी ३२ ग्रॅम प्रथिने जमा होतात. दिवसाचा आकडा अचानक फुगलेला दिसला, तर आधी हेच तपासावे. घरात एका वेळी किती डाळ शिजते आणि किती जण जेवतात, यावरून कच्च्या डाळीचा वाटा काढून तोच नोंदवला, तर हिशेबातील सर्वांत मोठी तफावत तिथेच मिटते.