तीनशे चारची बाकी

सोसायटीच्या जिन्याखालच्या सूचनाफलकावर दर तिमाहीला एक कागद लागतो. डाव्या रकान्यात फ्लॅट क्रमांक, उजव्या रकान्यात थकबाकी. येता-जाता सगळे तो वाचतात, आणि स्वतःच्या आकड्याआधी शेजाऱ्याचा. ‘३०४ : १८,५२५’ एवढं दिसलं की लिफ्टमध्ये कुजबुज सुरू होते. हा आकडा कुठून आला, हे मात्र फलकावर कळत नाही. ते कळतं खजिनदाराच्या सदस्य खातेवहीत, जिथे प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र पान असतं.

हे ३०४चं पान उघडून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण अशी पानं मुंबई-पुण्यात कुठेही सापडतील. महिन्याचं बिल ३,००० रुपये. त्यात १,८०० रुपये सेवाशुल्क, म्हणजे रखवालदार, सफाई, जिन्यातले दिवे, कार्यालयाचा खर्च. उरलेल्या १,२०० रुपयांत मालमत्ता कर, पाणी, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड. बिल एक तारखेला निघतं आणि महिनाअखेरपर्यंत भरायचं असतं. एप्रिलपासून ३०४ने काहीच भरलेलं नाही.

उशिराच्या रकमेवर व्याज लावता येतं. आदर्श उपविधींनुसार त्याची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के आहे, आणि नेमका दर सर्वसाधारण सभा ठरवते. या सोसायटीने २१ टक्केच ठरवला आहे, म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के. एप्रिलचे ३,००० थकले, त्यावर मे महिन्याचं व्याज ५२.५० रुपये. जूनमध्ये दोन बिलं थकलेली, व्याज १०५. जुलैत १५७.५०, ऑगस्टमध्ये २१०. एकूण ५२५. एक सप्टेंबरला मागची पाच बिलं १५,०००, चालू बिल ३,००० आणि व्याज ५२५, असे हे १८,५२५ होतात.

खरं तर यातले ३,००० अजून थकलेलेच नाहीत. त्यांची मुदत सप्टेंबरअखेर संपते. फलकावर ‘थकबाकी’ म्हणून चालू बिलही मिसळून लावणं ही पहिली चूक, आणि ती फार सर्रास होते.

दुसरी चूक जास्त महाग पडते. उपविधींतलं व्याज सरळव्याज आहे, ते फक्त मुद्दलावर चालतं. पण अनेक ठिकाणी एक्सेलमध्ये ‘मागील बाकी’ नावाचा एकच रकाना असतो. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही जातात, आणि पुढच्या महिन्याचं सूत्र त्या सगळ्यावर व्याज लावतं. चार महिन्यांत फरक पडतो नऊ-दहा रुपयांचा, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हीच थकबाकी तीन वर्षं चालली तर सरळव्याजाने ३४,९६५ रुपये होतात आणि चक्रवाढीने साधारण ४३,३००. आठ हजारांहून जास्त रक्कम केवळ रकाना चुकल्यामुळे मागितली जाते. ओळखायची खूण सोपी आहे: मुद्दल थकबाकीला ०.०१७५ने गुणावं. बिलावरचं त्या महिन्याचं व्याज त्याहून जास्त निघालं, तर व्याजावर व्याज लागतंय. मुद्दल आणि व्याज यांना वेगवेगळे रकाने दिले की हा घोळ मुळातच होत नाही.

आता ३०४चे मालक सप्टेंबरमध्ये अचानक १०,००० रुपये ऑनलाइन भरतात. शेऱ्यात काहीच लिहीत नाहीत. ते आधी मुद्दलात वळते करायचे की व्याजात? मुद्दलात धरले तर एप्रिल ते जून फिटतात, जुलैचे हजार वळते होतात आणि मागचं मुद्दल ५,००० उरतं. व्याजात आधी धरले तर मुद्दल ५,५२५ उरतं. दोन्ही बाबतींत एकूण येणं तेच, ८,५२५. पण पुढचं व्याज कशावर चालेल ते बदलतं. भारतीय करार अधिनियम, १८७२ याची ५९ ते ६१ ही कलमं इथे कामाला येतात. पैसे कशापोटी भरतोय हे देणाऱ्याने सांगितलं आणि घेणाऱ्याने ते पैसे स्वीकारले, तर तसंच वळतं करावं लागतं. त्याने सांगितलं नाही तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही तर जुनं देणं आधी फिटतं. वादाचं मूळ बहुधा एवढंच असतं, की सोसायटीने काय ठरवलं ते पावतीवर कधीच लिहिलेलं नसतं.

शेरा नसल्याने आणखी एक गंमत घडते. खजिनदार आडनाव पाहून अंदाज बांधतो, आणि १०,००० रुपये ४०३च्या पानावर जमा होतात, कारण तिथलंही आडनाव तेच. बँकेचा ताळमेळ बरोबर येतो. सगळ्या फ्लॅटच्या बाकीची बेरीजही सदस्यांकडून येणं दाखवणाऱ्या मुख्य खात्याशी जुळते. चूक दिसते ती फक्त एका जागी: ४०३च्या बाकीपुढे विनाकारण उणे चिन्ह येतं. म्हणून जाणता लेखापरीक्षक आधी आगाऊ जमा असलेल्या फ्लॅटची यादी मागतो आणि थकबाकीदारांची नंतर. अशा आगाऊ रकमा एकूण थकबाकीतून वजा करून सभेपुढे ‘फक्त एक लाख येणं आहे’ असं सांगणं हीसुद्धा फसगतच. प्रत्यक्षात पावणेदोन लाख थकलेले असतात आणि पाऊण लाख दुसऱ्यांनी आधीच भरलेले असतात.

भाड्याचं काय? फ्लॅट भाड्याने दिला तर भाडं मालकाचं, ते सोसायटीच्या वहीत येत नाही. येतं ते बिगर-भोगवटा शुल्क, ज्याला सगळे ‘नॉन-ऑक्युपन्सी’ म्हणतात. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. इथे सेवाशुल्क १,८००, म्हणून १८० रुपये. भाडं दहा हजार असो वा पन्नास. बिल सदस्याच्याच नावाने निघतं. भाडेकरूने पैसे भरले नाहीत, तरी बाकी मालकाच्या पानावर चढते.

एवढ्या बारकाव्याची गरज वसुलीच्या वेळी कळते. थकबाकीदार नोटिसांनाही बधत नसेल, तर सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९खाली निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. पूर्वी हे काम कलम १०१खाली होत असे. अर्जाचा कणा म्हणजे त्या फ्लॅटच्या खात्याचा उतारा. दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण मागणाऱ्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, इतकं वजन त्या आकड्याला येतं. आणि त्याच उताऱ्यात चक्रवाढ व्याज निघालं, तर समोरच्याला पहिली हरकत आयतीच मिळते.

गळतीची तक्रार ऐकत नाहीत म्हणून मेंटेनन्स रोखणारे सभासद जवळपास प्रत्येक इमारतीत असतात. गळतीचा वाद वेगळा चालतो, खात्यावरचं व्याज मात्र थांबत नाही. अशांनी निदान बिल भरून तक्रार लेखी द्यावी. आणि पैसे ऑनलाइन भरताना शेऱ्यात फ्लॅट क्रमांक, महिना आणि ‘मुद्दलापोटी’ की ‘व्याजापोटी’ एवढं प्रत्येकाने लिहावं.