शार्दूलविक्रीडिताची एक ओळ

शिक्षणाचे मोल सांगणारा हा शार्दूलविक्रीडितातला श्लोक मुद्दाम रचला आहे:

आई वाचु शके न पत्र कसले, लेकीस ते टोचते;
रात्री अक्षर एक एक गिरवी, आईपुढे मांडते;
मायेचा मग हात नाव लिहितो, ना अंगठा टेकतो;
वाणीही तिज चोख माप भरतो, पैसे खरे सांगतो.

परीक्षेत ओळ आली की आधी अक्षरे मोजावीत. इथे प्रत्येक चरणात ती १९ भरतात. मग लघू-गुरू लावून तीन-तीन अक्षरांचे गट पाडायचे. दुसरी ओळ घेऊ:

रात्रीअ | क्षरए | कएक | गिरवी | आईपु | ढेमांड | ते
− − − | ∪ ∪ − | ∪ − ∪ | ∪ ∪ − | − − ∪ | − − ∪ | −
म | स | ज | स | त | त | ग

घात होतो तो पहिल्याच गटात. ‘अक्षर’मधला ‘अ’ ऱ्हस्व दिसतो, म्हणून मुले त्यावर लघूची खूण करतात आणि ‘म’चा ‘त’ होऊन बसतो. पुढच्या ‘क्ष’ या जोडाक्षराचा आघात त्या ‘अ’वर येतो, म्हणून तो गुरू. तिसऱ्या ओळीतल्या ‘अंगठा’चा ‘अं’ मात्र अनुस्वारामुळे गुरू होतो.

पहिल्या ओळीत ‘वाचू’चे ‘वाचु’ केले आहे, कारण चौथे अक्षर लघूच हवे. कवींना ही सूट आहे. निबंधात ती घेऊ नये.

उत्तरात यती लिहायला विसरू नका. तो बाराव्या अक्षरावर, म्हणजे ‘गिरवी’नंतर येतो, उरलेली सात अक्षरे एका दमात म्हणायची.