शाळेसाठी डॉक्टरांचं पत्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा कर्करोग, आणि त्यातला मुख्य प्रकार ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. या काळात मुलाची शाळा कशी चालेल, हे बऱ्याच अंशी डॉक्टर शाळेला देतात त्या पत्रावर ठरतं. त्या पत्राविषयी पालक, शिक्षक आणि काही वेळा डॉक्टरांच्याही मनात चुकीच्या समजुती असतात.

गैरसमज : आजार मोठा आहे, तेव्हा ‘दोन वर्षं पूर्ण विश्रांती’ असं लिहून घेणं सुरक्षित.

असं पत्र मुलाचं नुकसान करतं. उपचारांची तीव्रता सगळा काळ सारखी नसते. पहिले सहा-आठ महिने केमोथेरपी जोरात असते, वारंवार दाखल व्हावं लागतं आणि संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अनेकदा खूप घटतात. त्यानंतर ‘मेंटेनन्स’ सुरू होतो. त्यात मुख्यतः रोजची एक आणि आठवड्यातून एकदाची अशी तोंडावाटे घ्यायची औषधं असतात. रक्ततपासणी ठीक असेल, तर या टप्प्यात बहुतेक मुलं शाळेत जाऊ शकतात. म्हणून पत्र दोन वर्षांचं नको. एका टप्प्यापुरतं असावं, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हे त्यात लिहिलेलं असावं.

समजा, सहावीतल्या मुलीचं निदान जूनमध्ये झालं. जुलैमधलं पत्र साधारण असं हवं : “या विद्यार्थिनीवर दीर्घ मुदतीचे उपचार सुरू आहेत. 31 ऑक्टोबरपर्यंत तिने वर्गात येऊ नये. प्रकृती बरी असेल त्या आठवड्यांत तीन दिवस, प्रत्येकी 45 मिनिटं घरी शिकवावं. मराठी, गणित आणि इंग्रजीला प्राधान्य द्यावं. शिकवायला येणाऱ्यांना सर्दी-ताप नसावा. अनुपस्थिती वैद्यकीय कारणास्तव नोंदवावी. ऑक्टोबरअखेर नवं पत्र देऊ.”

मार्चमध्ये मेंटेनन्स सुरू झाला की पत्र बदलतं : अर्धा दिवस हजेरी, तपासणीच्या दिवशी सुट्टी, मैदानावरच्या धक्काबुक्कीच्या खेळांतून सूट. आणखी एक ओळ बहुतेक पत्रांत राहून जाते. व्हिन्क्रिस्टिन या औषधाने हातापायांच्या नसांवर परिणाम होतो, पेन्सिल नीट धरता येत नाही, अक्षर बिघडतं, लिहिण्याचा वेग कमी होतो. हे शिक्षकांना माहीत नसेल तर मूल आळशी ठरतं. ‘लेखनाला जास्त वेळ द्यावा, शक्य तिथे तोंडी उत्तर घ्यावं’ एवढं लिहिलं तरी तिच्या वाट्याची अनेक बोलणी टळतील.

गैरसमज : वर्गातल्या इतर मुलांना धोका आहे.

कर्करोग संसर्गजन्य नाही. धोका उलट्या दिशेने आहे. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाल्याचं कळताच शाळेने त्याच दिवशी पालकांना फोन करावा, कारण संपर्कानंतरचं प्रतिबंधक औषध पहिल्या काही दिवसांतच द्यावं लागतं. वर्गात ताप 38 अंश सेल्सिअसवर (100.4 फॅरनहाइट) गेला तर स्वतःहून तापाची गोळी देऊ नये. ताप दबतो आणि आत वाढणारा संसर्ग लपतो. लगेच घरी कळवावं. या दोन सूचना आणि उपचार करणाऱ्या विभागाचा फोन नंबर पत्रात असायलाच हवा.

गैरसमज : डॉक्टरांनी लिहिलं की हजेरीची अट आपोआप सुटते.

डॉक्टर शिफारस करतात, निर्णय शाळा आणि मंडळ घेतं. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा, 2009 मुलाच्या बाजूने आहे : प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दहावी-बारावीला मात्र 75 टक्के हजेरीचा प्रश्न येतो. सीबीएसईमध्ये आजारपणामुळे सवलत हवी असेल तर कागदपत्रांसह प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. वर्षाच्या शेवटी धावपळ करून जमवलेलं एकच प्रमाणपत्र इथे कमी पडू शकतं. प्रत्येक टप्प्याची पत्रं आणि दाखल झाल्याचे कागद एका फाइलमध्ये ठेवलेले बरे.

घरी शिकवण्याच्या बाबतीतही अपेक्षा स्पष्ट असाव्यात. सरकारी गृहाधारित शिक्षण प्रामुख्याने दिव्यांग मुलांसाठी आहे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत, रक्ताचा कर्करोग नाही. त्यामुळे मुख्याध्यापकांशी बोलून शाळेचाच एखादा शिक्षक ठरवणं, हाच बहुधा जवळचा मार्ग.

गैरसमज : पत्रात आजाराचं नाव लिहावंच लागतं.

नाव सांगायचं की नाही, हे पालकांनी ठरवावं, आणि मूल समजतं झालं असेल तर त्यालाही विचारावं. शाळेला काय करायचं हे वरच्या नमुन्यातून नाव न घेताही कळतं. पालकांनो, डॉक्टरांकडे ‘शाळेसाठी सर्टिफिकेट’ मागू नका. मुलाला सध्या काय जमतं, काय टाळायचं आणि पुढचं पत्र कधी मिळेल, हे तीन मुद्दे लिहून मागा.